हाट याईत एका दुकानात मलेशियन ॲप चाललं, दहा पावलांवरच्या गाडीवर नाही. असं का?

सायली_केएल

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं क्वालालंपूरहून थायलंडमधल्या हाट याईला दोन दिवस जाऊन आलो. केएल सेंट्रलला ईटीएस ट्रेन पकडली की थेट सीमेवरचं पादांग बेसार. तिथे स्टेशनातच मलेशियाचा आणि थायलंडचा, दोन्ही शिक्के होतात आणि मग पलीकडची छोटी शटल गाडी. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली होती, "बाट बदलून कशाला नेतेस, आपल्या बँकेच्या ॲपने स्कॅन कर, चालतं." म्हणून हट्टाने एकही नोट न घेता गेले.

किम योंग बाजारात काजू आणि सुकवलेला आंबा घेतला, ३४० बाट. काउंटरवर कोड चिकटवलेला होता. माझ्या मलेशियन ॲपने स्कॅन केला, दुकानाचं नाव आलं, रक्कम बाटमध्ये विचारली, खाली ४५.२१ रिंगिट दाखवले, पिन टाकला. दोन सेकंदांत दुकानदाराचा फोन थाई भाषेत काहीतरी बोलला आणि तो हसला. मला एकदम पुण्यातल्या किराणा दुकानात असल्यासारखं वाटलं.

तिथून दहा पावलांवर एका आजीची गाडी, आंबा आणि चिकट भात, ६० बाट. तिच्याकडेही प्लास्टिकमध्ये घातलेला कोड, वर तीच निळी पट्टी, तेच प्रॉम्प्टपेचं, म्हणजे थायलंडच्या यूपीआयचं, चिन्ह. आणि ॲप म्हणतं, हा कोड चालत नाही. तीनदा केलं. भाताची डिश लेकीच्या हातात, खाऊनही अर्धी झालेली! शेवटी काजूवाल्याला खुणेने समजावलं, त्याच्या कोडवर ६० बाट दिले, त्याने आजीला नोटा दिल्या.

दोन प्रश्न. एक, हे असं का झालं? दोन, त्या दिवशी नेटवर रिंगिटला ७.६५ बाट असा भाव दिसत होता. माझा ७.५२ ने कापला. हा भाव ठरवतं कोण?

खटपट्या

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. रिंगिट आधी डॉलर होतात, मग डॉलरचे बाट. दोनदा बदलताना दोनदा कात्री लागते. कार्डाचंही असंच असतं. पहिल्याचं उत्तर: आजीचं नेट बंद असेल.

सायली_केएल

आजीचं नेट कशाला लागेल? कोड तर छापलेला होता. माझ्यामागे एक थाई मुलगी उभी होती, तिचं लगेच झालं.

पेन्शनरकाका

छान माहिती. आम्ही दोघं मार्चमध्ये फुकेतला जातोय, मुलाने तिकिटं काढली आहेत. म्हणजे आमचं गुगल पे तिथे चालेल ना? कोथरूडच्या बँकेत काही अर्ज द्यावा लागतो का?

मुग्धा_बँकॉक

काका, थांबा! सायलीने मलेशियन बँकेचं ॲप वापरलं आहे. ही जोडणी मलेशिया आणि थायलंड यांच्यातली आहे, आपल्या यूपीआयशी तिचा संबंध नाही. मार्चमध्ये बाट घेऊनच या. इथल्या एटीएमला परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बाट वेगळे लागतात, तेव्हा काढायचे तर एकदाच मोठी रक्कम काढा.

सायली, मी बँकॉकला सात वर्षं आहे, रोजचं सगळं प्रॉम्प्टपेवर. मला वाटतं त्या आजीचा कोड तिच्या स्वतःच्या फोन नंबरचा होता, दुकानाचा नाही. इथे दोन्ही सारखेच दिसतात. आम्हा इथल्या खातेदारांना फरक कळतही नाही, दोन्हीवर पैसे जातात. पण पाहुण्यांना दुकानाचाच लागतो असं ऐकून आहे. नक्की कारण माहीत नाही. @दहापैसे कुठे आहेत? त्यांचं कामच हे.

दहापैसे

हाक ऐकली. मुग्धाताईंचं बरोबर आहे. आधी सांगतो की मी सिंगापूरला एका पेमेंट कंपनीत आहे, त्यामुळे मलेशिया-थायलंड जोडणी मी बाहेरून पाहिलेली आहे, पण सांधे सगळीकडे साधारण तेच असतात.

सायली, त्या कोडचा फोटो आहे का? कुठल्याही साध्या क्यूआर वाचणाऱ्या ॲपने वाचला तर आतला मजकूर दिसतो. आजीच्या कोडमध्ये साधारण असं काहीतरी असणार. नंबर मी शून्यांचा घातला आहे आणि शेवटची चार तपासणीची अक्षरं काढली आहेत:

```
00020101021129370016A00000067701011101130066800000000
53037645802TH6304
```

आणि काजूवाल्याकडे असं:

```
00020101021130510016A0000006770101120115010000000000000
0208SHOP000153037645802TH6304
```

प्रत्यक्षात हे सलग एकच ओळ असते, इथे मावावं म्हणून तोडलं. वाचायची रीत सोपी आहे: दोन आकडे म्हणजे कप्प्याचा क्रमांक, पुढचे दोन म्हणजे त्यात किती अक्षरं आहेत, मग तितकी अक्षरं, की पुढचा कप्पा. `5303764` मध्ये ५३ वा कप्पा, तीन अक्षरं, ७६४, म्हणजे बाट. `5802TH` म्हणजे थायलंड. तुझ्या ॲपला पहिल्या क्षणी कळतं की हा कोड परदेशी आहे, ते इथून. मलेशियाच्या कोडमध्ये त्याच जागी ४५८ आणि MY असतं. हा साचा सगळ्यांचा एक आहे, कार्ड कंपन्यांच्या संस्थेने ठरवलेला. दोन देशांचे कोड मुळात एकमेकांना वाचता येतात ते त्यामुळेच.

फरक मधल्या कप्प्यात आहे. आजीचा २९ वा, आत `A000000677010111` आणि पुढे फोन नंबर. काजूवाल्याचा ३० वा, आत `A000000677010112`, पुढे बँकेने दिलेला दुकानाचा क्रमांक आणि एक संदर्भ. पहिला म्हणजे "या माणसाला पैसे पाठव". दुसरा म्हणजे "या दुकानाचं बिल भर". थाई माणसासाठी दोन्ही एकाच नळातून जातात. सीमेपलीकडून आलेल्यासाठी फक्त दुसरा उघडा ठेवला आहे.

खटपट्या

दोन्ही ओळींत सुरुवातीला 010211 आहे की. मी वाचलंय की ११ म्हणजे वैयक्तिक आणि १२ म्हणजे दुकान. मग काजूवाल्याचाही वैयक्तिकच झाला.

दहापैसे

इथे सगळेच फसतात. सुरुवातीचं ०१ क्रमांकाच्या कप्प्यातलं ११ म्हणजे छापील, कायमचा कोड, रक्कम तुम्ही टाकायची. १२ म्हणजे मशीनने त्या बिलापुरता काढलेला, रक्कम आधीच आत. त्याचा माणूस की दुकान याच्याशी संबंध नाही. तुम्ही म्हणता ते ११ आणि १२ त्या लांब A000... च्या शेपटाला आहेत. आकडे तेच, जागा वेगळी.

सायली_केएल

फोटो आहे! लेकीने भाताचा काढला होता, कोपऱ्यात कोड आला आहे. वाचला. `2937` आणि शेवटी `0111`. पुढे `0066`. म्हणजे आजीचाच नंबर. कोड वाचून माणसाचा फोन नंबर उघडा पडतो हे मात्र मला आवडलं नाही.

पण बंद का ठेवलाय? साठ बाटच्या भाताचे पैसे आणि काजूचे पैसे यात बँकेला काय फरक?

दहापैसे

भातात फरक नाही, कागदावर आहे. दुकानाला दिलेले पैसे म्हणजे खरेदी. दुकान कोण, कशाचं, हे थाई बँकेने कोड देतानाच तपासलेलं असतं. दुसऱ्या देशातल्या माणसाच्या नंबरवर पैसे टाकणं म्हणजे रेमिटन्स. तिथे पाठवणारा कोण, घेणारा कोण, दोघांची नावं बंदी असलेल्यांच्या याद्यांशी जुळवणं, कारण, मर्यादा, सगळं लागतं. मध्यवर्ती बँकांच्या पुस्तकात ही दोन वेगळी पानं आहेत.

रेमिटन्सची जोडणी वेगळी असते, तीही आहे. सिंगापूरचं पेनाऊ आणि थायलंडचं प्रॉम्प्टपे एप्रिल २०२१ मध्ये जोडलं गेलं, ते फोन नंबरवर पैसे पाठवण्यासाठीच. सुरुवातीला दिवसाची मर्यादा सिंगापूरकडून १००० सिंगापूर डॉलर आणि थायलंडकडून २५,००० बाट. आपलं यूपीआय आणि पेनाऊ फेब्रुवारी २०२३ मध्ये जोडलं तेही या जातीचं. मी आईला महिन्याचे पैसे त्यावरून पाठवतो. पण म्हणून मला इथल्या मुस्तफा मॉलसमोरच्या हॉटेलातल्या कोडवर भारतातल्या खात्यातून डोसा घेता येतोच असं नाही, तो वेगळा रस्ता. लोक "दोन देश जोडले" ही बातमी वाचतात आणि समजतात सगळंच जोडलं.

मलेशिया-थायलंडची दुकानाच्या कोडची जोडणी जून २०२१ ची, टप्प्याटप्प्याने सुरू झालेली. सायलीने वापरली ती ही.

कोकणी_बाणा

मला खरं तर हे ऐकायचं आहे की पिन टाकल्यावर त्या दोन सेकंदांत काय होतं. माझे रिंगिट रेल्वेत बसून पादांग बेसारला जातात का?

दहापैसे

नाही, रिंगिट मलेशियातच राहतात. गंमत तीच आहे. सायलीचे ३४० बाट घेऊन बघू.

तिने कोड स्कॅन केला. ॲपने ७६४ आणि TH पाहिलं आणि आपल्या बँकेला सांगितलं, हा आपला नाही. बँकेने तो पेनेटकडे दिला, म्हणजे मलेशियाचं यूपीआयसारखं डुइटनाऊ चालवणारी कंपनी. पेनेटने थायलंडच्या नॅशनल आयटीएमएक्सला विचारलं, प्रॉम्प्टपेचे निरोप बँकाबँकांत पोचवणारा स्विच त्यांच्याकडे आहे. आयटीएमएक्सने काजूवाल्याच्या बँकेला विचारलं, हे दुकान चालू आहे का, नाव काय. नाव उलट्या रस्त्याने परत आलं आणि सायलीच्या पडद्यावर दिसलं. अजून एक सेंटही हललेला नाही, ही नुसती चौकशी.

तिने ३४० टाकले. आता भाव लागतो. तो मलेशियाकडच्या बँकेने दिलेला असतो आणि थोड्या वेळापुरताच बांधलेला असतो. ७.५२ ने ३४० भागिले की ४५.२१. हा आकडा पिन टाकायच्या आधी दाखवावा लागतो, म्हणून तिला दिसला.

पिन टाकला. आता तिच्या खात्यातून ४५.२१ रिंगिट वजा झाले, ते तिच्या बँकेत बाजूला ठेवले गेले. "दे" असा निरोप त्याच रस्त्याने गेला आणि काजूवाल्याच्या बँकेने त्याच्या खात्यात ३४० बाट जमा केले. त्याचा फोन बोलला तो इथे. त्याला मिळालेले बाट थायलंडमधलेच आहेत. त्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक मलेशियाचं की चिआंग माईचं, काही फरक नाही. ३४० म्हणजे ३४०.

मग थाई बाजूचं देणं फिटतं कसं? दोन्हीकडे यासाठी नेमलेल्या बँका आहेत. दिवसभरात मलेशियाच्या लोकांनी थायलंडमध्ये किती खर्च केला आणि थाई लोकांनी मलेशियात किती, याची बेरीज-वजाबाकी होते आणि उरलेली रक्कम ठरलेल्या वेळी एकदम चुकती होते. आपल्याकडे वाण्याची वही महिनाअखेरीला मिटवायचो तसं, फक्त रोज.

खटपट्या

आणि डॉलर?

दहापैसे

मधे नाही. २०१६ पासूनच मलेशिया आणि थायलंडच्या मध्यवर्ती बँकांनी काही व्यापारी बँका ठरवून दिल्या आहेत, ज्या रिंगिट-बाटचा थेट भाव देतात. आधी ते व्यापाऱ्यांच्या मोठ्या बिलांसाठी होतं. कोडच्या जोडण्या त्याच विचाराच्या, स्थानिक चलनातून स्थानिक चलनात. पण तुमचं अर्धं बरोबर आहे: भाव देणारी बँक फुकट देत नाही. तिचा नफा भावातच मिसळलेला असतो, वेगळी ओळ दिसत नाही. ७.६५ ने ४४.४४ रिंगिट झाले असते, लागले ४५.२१. म्हणजे ७७ सेन, पावणेदोन टक्के. आणि नेटवर दिसतो तो भाव बँका आपापसात वापरतात, तुम्हाला-आम्हाला तो कुठेच मिळत नाही.

स्वस्त की महाग? ३४० बाटसाठी एटीएमला दोनशेहून जास्त बाट देण्यापेक्षा स्वस्त, यात वादच नाही. मोठ्या हॉटेलच्या बिलाला मात्र परकीय चलनाचं शुल्क न लावणारं कार्ड असेल तर ते बरं पडू शकतं. दोन मलेशियन ॲपमध्येही भाव वेगळा दिसेल, कारण दोन बँका. एकदा दोन्हींवर तोच कोड स्कॅन करून रक्कम टाका आणि पिनच्या आधी परत या. कुठे किती लागतात ते फुकटात कळतं.

पेन्शनरकाका

आम्ही मागच्या वर्षी पोखऱ्याला गेलो होतो. तिथे तर आमच्याच ॲपने फोनपेच्या लाल कोडवर पैसे गेले. मला वाटलं आता सगळीकडे जातात. नेपाळी ८०० म्हणजे आपले बरोबर ५०० व्हायला हवे होते, थोडे जास्त कापले. मी बँकेत विचारायला गेलो तर तिथली मुलगी म्हणाली, काका, तुम्ही फोनपे वापरलं ना, मग फोनपेला विचारा. दोन वेगळी फोनपे आहेत हे तिला समजावण्यात माझा अर्धा तास गेला.

दहापैसे

हाहा, हे खरंच होतं. नेपाळचं फोनपे F वालं, आपलं PhonePe वेगळं, दोघांचा संबंध नाही.

तुमचं उदाहरण खरं तर चांगलं आहे. भारतीय आणि नेपाळी रुपयाचा भाव १९९३ पासून १.६ ला बांधलेला आहे. म्हणजे भाव हलण्याचा प्रश्नच नाही, तरीही जास्त पैसे लागले. म्हणजे जो फरक होता तो पूर्ण आकारणीचा होता, बाजाराचा नव्हता. सायलीच्या व्यवहारात हे दोन्ही एकात मिसळतात, वेगळे काढता येत नाहीत.

नेपाळची जोडणी मार्च २०२४ पासून चालू आहे. श्रीलंका आणि मॉरिशसची त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाली. भारताच्या बाजूने हे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची आंतरराष्ट्रीय कंपनी करते, प्रत्येक देशातल्या एकेका भागीदाराशी वेगळा करार करून. आणि ॲपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल आधी चालू करावं लागतं, तेही ठराविक मुदतीपुरतं. ते केलं नसेल तर काठमांडूलाही कोड चालणार नाही आणि तुम्ही दुकानदाराला दोष देत बसाल.

पेन्शनरकाका

ते मुलाने करून दिलं होतं. म्हणजे फुकेतला नाहीच?

मुग्धा_बँकॉक

नाहीच, काका. बाट!

चहाटपरी_जोहोर

मी सिंगापूरला राहतो, शनिवारी सीमेपलीकडे मलेशियात जोहोर बाहरूला जातो. आमच्याकडचं नेट्स आणि मलेशियाचं डुइटनाऊ मार्च २०२३ ला जोडलं, तेव्हापासून वापरतो. एकदा मात्र फजिती झाली. तेह तारिक आणि रोटी चनाई, १४ रिंगिट. पिन टाकला, चक्र फिरत राहिलं, मग "प्रक्रिया सुरू आहे". खात्यातून पैसे गेलेले, टपरीवाला म्हणतो आले नाहीत. मागे रांग. मी पुन्हा दिले. संध्याकाळी पहिले १४ पण त्याला पोचले होते असं कळलं. पुढच्या शनिवारी त्याने फुकट चहा दिला, पण सगळेच असे नसतात. माझं बँकेला म्हणणं एवढंच होतं की नाही गेले तर लगेच परत का नाही करत?

दहापैसे

कारण बँकेलाही माहीत नव्हतं. "गेले" आणि "नाही गेले" या दोन अवस्था आपल्याला कळतात. तिसरी असते "कळत नाही". तुमच्या बँकेने "दे" म्हणून निरोप पाठवला. तो दोन स्विच ओलांडून टपरीवाल्याच्या बँकेत पोचला, तिने जमा केलेही असतील, पण "केले" हा परतीचा निरोप वाटेत हरवला किंवा उशीर झाला. आता तुमच्या बँकेने घाईने परत दिले आणि तिकडे जमा झालेले असले, तर १४ रिंगिट कोणाच्या खिशातून? म्हणून ती थांबते. आधी पुन्हा पुन्हा विचारते, नाहीच कळलं तर दिवसअखेरीला दोन्ही स्विचच्या यादी जुळवल्या जातात, त्यात तुमचा व्यवहार असेल तर पूर्ण, नसेल तर परत. देशातल्या व्यवहारातही हे होतं, पण तिथे सांधे कमी आणि घड्याळ एक. इथे चार बँका-स्विच आणि दोन देशांच्या सुट्ट्यांची कॅलेंडरं.

म्हणून "प्रक्रिया सुरू आहे" दिसलं तर पुन्हा देऊ नका. संदर्भ क्रमांकाचा फोटो काढा, शक्य असेल तर रोख द्या. "नाकारले" स्पष्ट दिसलं तरच पुन्हा.

आणि आणखी एक खूण. कोड दाखवल्या दाखवल्या ॲपने नाही म्हटलं, रक्कम विचारलीच नाही, तर कोडच्या जातीत गोम आहे, कितीही वेळा केलंत तरी तेच. सायलीचं हेच झालं. रक्कम टाकल्यावर, नाव आल्यावर अडलं, तर भाव, मर्यादा किंवा पलीकडची बँक. तिथे पाच मिनिटांनी पुन्हा करून बघण्यात अर्थ आहे.

कोकणी_बाणा

आता माझा खवचट प्रश्न. सायलीने काजू परत दिले असते तर?

दहापैसे

दुकानदार गल्ल्यातून ३४० बाट काढून हातात देईल. बहुतेक वेळा हेच होतं, आणि मग पाहुण्याच्या हातात नेमकी तीच नोट जी त्याला नको होती. कोडच्या रस्त्याने उलटं पाठवायची सोय प्रत्येक दुकानाच्या ॲपमध्ये नसते.

कोकणी_बाणा

पण असली तर? ३४० बाट परत आले आणि तोवर भाव हलला. ४५.२१ मिळणार की त्या दिवसाच्या भावाने?

खटपट्या

४५.२१ च. व्यवहार रद्द म्हणजे रद्द.

चहाटपरी_जोहोर

मला नाही पटत. त्याच दिवशी रद्द झाला तर रद्द. चार दिवसांनी परत आले तर तो नवा व्यवहार. आणि भाव माझ्या बाजूने हलला असेल तर मला जास्त द्यायला कोणती बँक राजी होईल?

दहापैसे

दोघंही बरोबर असू शकता. मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत, वेगवेगळ्या जोडण्यांत. सायलीने आपल्या ॲपच्या अटी वाचून सांगावं.

सायली_केएल

वाचल्या. बँकेला फोनही केला. अटींत एवढंच आहे की "परतावा लागू असलेल्या दराने". फोनवरचा मुलगा म्हणाला, लागू असलेला म्हणजे जो लागू असेल तो. मी दोनदा विचारलं, दोनदा हेच.

मुग्धा_बँकॉक

एक राहिलं. सगळे म्हणतायत की आजीने दुकानाचा कोड घ्यावा, झालं. माझ्या घराखाली नूडल्सवाली मावशी आहे, तिला आज विचारलं. तिच्याकडे दोन्ही कोड आहेत! दुकानाचा आत ठेवलाय, परदेशी आलं तरच काढते. का, तर इथे एका बँकेत वर्षाला ३००० वेळा पैसे जमा झाले, किंवा ४०० वेळा आणि मिळून २० लाख बाट झाले, की बँक ती माहिती करखात्याला देते. २०१९ पासून. ३००० म्हणजे दिवसाला आठ-नऊ वाट्या नूडल्स. मी म्हटलं, अगं मावशी, ते मोजणं फोन नंबरच्या कोडलाही लागू आहे, पैसे खात्यातच येतात. ती म्हणाली, हो, पण तो नंबर माझ्या मुलीचा आहे.

चहाटपरी_जोहोर

बेंगळुरूला २०२५ च्या जुलैत भाजीवाल्यांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या तेव्हा कोड काढून "फक्त रोख" लिहिलं होतं, ते आठवलं.

पेन्शनरकाका

हे सगळं वाचून एक विचारायचं राहिलं. मी पेपरात वाचलं होतं की भारत, सिंगापूर, मलेशिया, थायलंड सगळे एकाच ठिकाणी जोडणार आहेत. मग फुकेत का नाही?

दहापैसे

नेक्सस म्हणताय. रिझर्व्ह बँकेने ३० जून २०२४ ला स्वित्झर्लंडमध्ये बासेलला त्यावर सही केली, सोबत मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड. कल्पना अशी की पाच देशांनी जोडीजोडीने करार केले तर दहा करार, दहा वेळा तपासण्या, दहा ठिकाणी भावाची सोय. त्याऐवजी प्रत्येकाने मधल्या एका केंद्राला एकदाच जोडून घ्यायचं. पण काका, तो रस्ता आधी माणसाकडून माणसाला पैसे पाठवण्याचा आहे, माझ्या आईच्या महिन्याच्या पैशांच्या जातीचा. दुकानाच्या कोडचा नाही. मार्चच्या आत तर नक्कीच नाही.

पेन्शनरकाका

बरं. मग किती बाट न्यावेत दोघांना, आठ दिवस? जेवण शाकाहारी.

मुग्धा_बँकॉक

काका, व्यनि करते. सायली, तुझ्या आजीच्या गाडीवर परत गेलीस तर माझ्यासाठी एक पाहा: कोडखाली नाव कोणाचं छापलंय, तिचं की मुलीचं?

सायली_केएल

फोटो मोठा करून पाहिला. नाव थाईत आहे, मला वाचता येत नाही. पाठवते तुला.